आधी पाकीट दाखवा

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतात. वकिलाच्या लेटरहेडचे, तिरपे काढलेले, कोपऱ्यात अंगठा आलेला. पहिलं पान, दुसरं पान, कधी तिसरं राहूनच गेलेलं. खाली एक अक्षर नाही. 'हे काय आहे' नाही, 'काय करू' नाही, नुसते फोटो.

कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाच्या वाट्याला निवृत्तीनंतर हे येतंच. लोकांना वाटतं, याला कागद कळतात. कागद कळतात हे खरंच आहे, पण मी वकील नाही. त्यामुळे असा फोटो आला की कुठवर बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे मला आधी स्वतःशी ठरवावं लागतं.

पाठवणाऱ्याने काही विचारलं नाही म्हणून त्याला प्रश्न नसतो असं नाही. प्रश्न असतो, आणि तो जवळजवळ नेहमी एकच असतो: पोलीस येतील का? तो विचारायची लाज वाटते, म्हणून माणूस नुसता फोटो पाठवून मोकळा होतो. अशा वेळी नोटीशीचा परिच्छेदवार अर्थ सांगत बसलं, तर समोरच्याच्या डोक्यात काही शिरत नाही. त्याचे कान त्या एका उत्तराकडे लागलेले असतात.

सगळ्या नोटिशींबद्दल एका लेखात सांगता येणार नाही. घरमालकाची वेगळी, बँकेच्या जप्तीची वेगळी, वाटणीची वेगळी. माझ्याकडे सगळ्यात जास्त येते ती चेक न वटल्याची, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खालची. तिच्यातली मुदत फार थोडी असते आणि ती कशी मोजायची हे कळलं नाही तर नुकसान होतं. म्हणून तिच्यापुरतंच सांगतो.

एक उदाहरण घेऊ. माणसं आणि आकडे ओळखू येऊ नयेत इतके बदलले आहेत. तालुक्याच्या गावी एकाचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. गेट, जिने, पत्र्याचे शेड करतो. लोखंडाच्या व्यापाऱ्याकडून अँगल, पाइप, पत्रे उधारीवर उचलतो आणि काम झालं, गिऱ्हाइकाचे पैसे आले की फेडतो. जानेवारीत त्याने व्यापाऱ्याला २,४०,००० रुपयांचा चेक दिला, त्यावर तारीख टाकली ५ मार्चची. मधल्या काळात गिऱ्हाइकाने पैसे अडकवले. व्यापाऱ्याने ६ मार्चला चेक बँकेत भरला आणि तो परत आला. १० मार्चला बँकेचा मेमो व्यापाऱ्याच्या हातात पडला; कारण लिहिलेलं होतं, फंड्स इनसफिशियंट. २ एप्रिलला व्यापाऱ्याच्या वकिलाने नोटीस पोस्टात टाकली. १६ एप्रिलला संध्याकाळी तिचे दोन फोटो माझ्याकडे आले.

पहिलं उत्तर मी त्याच्या न विचारलेल्या प्रश्नाला दिलं. हे कोर्टाचं कागद नाही, असं लिहिलं. वर वकिलाचं नाव आहे, खाली वकिलाची सही आहे, कुठेही न्यायालयाचा शिक्का नाही, खटल्याचा नंबर नाही. समन्स असतं तर त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाचं नाव, एस.सी.सी. असा काहीतरी नंबर आणि हजर राहायची तारीख असती. ही नुसती मागणी आहे. या नोटिशीवरून पोलीस दारात येत नाहीत, अटक होत नाही. पुढे खटला झालाच तरी गुन्हा जामीनपात्र आहे. त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मी मुद्दाम लपवत नाही. 'काही होत नाही रे' असं सांगणारे गावात पुष्कळ असतात, त्यात आपली भर नको. नोटीस म्हणजे खटला नव्हे, पण खटल्याच्या आधीची ती शेवटची पायरी आहे.

मग मी नोटिशीबद्दल एक शब्दही न लिहिता विचारलं, पाकीट कुठे आहे?

पाकीट लोक फेकून देतात. आतला कागद महत्त्वाचा वाटतो, वरचं पाकीट चुलीत नाही तर कचऱ्यात जातं. खरं तर नोटिशीतली सगळ्यात महत्त्वाची तारीख नोटिशीत नसतेच. नोटिशीवर असते ती वकिलाने मजकूर लिहिला ती तारीख. कायदा मोजतो ती नोटीस मिळाल्याची तारीख. ती सापडते पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून आणि त्यावर चिकटवलेल्या बारकोडच्या नंबरावरून. हा नंबर पोस्टाच्या साइटवर टाकला की टपाल कुठल्या दिवशी कुठे पोचलं ते दिसतं. समोरचा वकील हेच पान छापून कोर्टात लावणार असतो, तेव्हा आपणही ते आधी पाहिलेलं बरं.

त्याचं पाकीट नशिबाने बायकोने दिवाणाच्या खणात ठेवलं होतं. नंबर टाकून पाहिला तर टपाल ७ एप्रिलला पोचलेलं. तो म्हणाला, "काका, मी तर बारा तारखेला उघडली. साइटवर होतो पाच दिवस. बायकोने सही करून घेतली होती."

इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. मुदत पाकीट उघडल्यापासून धरत नाहीत, वाचून समजल्यापासूनही धरत नाहीत. बरोबर पत्त्यावर, बरोबर नावाने टपालाने पाठवलेली नोटीस पोचली असंच कोर्ट धरून चालतं आणि घरातल्या माणसाने सही करून घेतली असेल तर 'मला माहीतच नव्हतं' हे फारसं टिकत नाही. पोस्टमनला 'नाही घेत जा' म्हणून परत पाठवणारेही असतात. पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा पडला की तीही मिळाल्यातच जमा होते. उलट तोटा असा की आत काय लिहिलंय हे तुम्हाला कळत नाही आणि घड्याळ मात्र चालू झालेलं असतं.

आता मोजू. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत चेकची रक्कम दिली, तर गुन्हाच घडत नाही. मिळाल्याचा दिवस धरायचा नाही. म्हणजे ८ एप्रिल हा पहिला दिवस, २२ एप्रिल हा पंधरावा. बावीस तारीख संपेपर्यंत पैसे व्यापाऱ्याच्या खात्यात पडले पाहिजेत. १६ तारखेच्या संध्याकाळी त्याच्या हातात सहा दिवस उरले होते. तो बारा तारखेपासून मोजत होता, म्हणून त्याच्या हिशोबाने सत्तावीस तारीख येत होती. सत्तावीसला पैसे भरले असते तर पैसेही गेले असते आणि खटलाही उभा राहिला असता.

बावीस उलटली आणि पैसे आले नाहीत, की २३ एप्रिलला तक्रारीचं कारण निर्माण झालं असं कायदा म्हणतो. तिथून एक महिन्यात, म्हणजे २३ मेपर्यंत, व्यापाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करायची. उशीर झाला आणि सबळ कारण दाखवलं तर कोर्ट तो माफ करू शकतं. म्हणून २४ मेला पेढे वाटू नयेत.

समोरच्यालाही एक मुदत असते आणि ती तपासण्याचा मोह प्रत्येकाला होतो. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत त्याने लेखी मागणी करायला हवी. २००२ च्या दुरुस्तीआधी ही मुदतसुद्धा पंधराच दिवसांची होती, म्हणून जुनी माणसं अजून 'पंधरा दिवसांत नोटीस आली नाही, सुटलास' असं सांगतात. त्यांचं ऐकू नका. आपल्या उदाहरणात मेमो १० मार्चचा, तीस दिवस ९ एप्रिलला संपतात, नोटीस २ एप्रिलला निघाली. व्यापारी मुदतीत आहे. समजा नसता, तरी फार खूश व्हायचं कारण नव्हतं. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. तेवढ्या अवधीत तो पुन्हा बँकेत भरता येतो, पुन्हा परत आला की पुन्हा नोटीस देता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच हे स्पष्ट केलं आहे.

तारखा बसल्यावर मग मजकूर. वकिली नोटिशीची मराठी वाचताना माणूस दमतो, पण तिचा सांगाडा ठरलेला असतो. सुरुवातीला 'माझे अशील' कोण, मग व्यवहार काय, चेकचा नंबर, तारीख, बँक, रक्कम, मग तो का परत आला आणि शेवटी मागणी. या नोटिशीतली मागणी अशी होती: चेकचे २,४०,०००, त्यावर चोवीस टक्के व्याज, नोटीस खर्च ५,५०० आणि 'मानसिक त्रासापोटी' ५०,०००. वर फसवणुकीचा गुन्हा दाखल करण्याची धमकीही होती.

त्याला वाटलं, सगळे मिळून तीन लाखांवर देणं आलं. मी सांगितलं, कलम १३८ साठी मोजायचा आकडा एकच, चेकवर लिहिलेला. व्याज, खर्च, त्रास हे मागायला कोणाची मनाई नाही, पण ते दिलं नाही म्हणून चेकचा गुन्हा होत नाही. त्यासाठी त्यांना वेगळ्या वाटेने जावं लागेल. नोटीस देणाऱ्याने मात्र चेकची रक्कम वेगळी आणि स्पष्ट लिहायला हवी, सगळं एका आकड्यात कालवून चालत नाही. इथे ती वेगळी लिहिलेली होती. आणि फसवणूक म्हणजे सुरुवातीपासूनच बुडवायचा इरादा. दोन वर्षं माल उचलून पैसे फेडत आलेल्या माणसाबाबत ते दाखवणं सोपं नाही. नोटिशीत ते वाक्य बहुधा असतंच, वजन वाढवायला.

उलट दिशेनेही एक समज दूर करावा लागतो. चेकमधली रक्कम भागात देऊन चालत नाही. बावीस तारखेच्या आत लाखभर दिले आणि 'बाकीचे बघू' म्हटलं, तर गुन्हा टळत नाही. दिलेले पैसे हिशोबात येतात, इतकंच.

इथपर्यंत मी बोललो ते कोणीही शांत डोक्याने वाचून सांगू शकेल असं होतं. त्याने एवढंच लिहिलं असतं की, 'काका, पैसे द्यायचेच आहेत, सोने तारण ठेवून परवा भरतो', तर माझं काम तिथे संपलं असतं. मी म्हटलं असतं, रोख देऊ नकोस, बँकेतून पाठव, चेकचा नंबर शेऱ्यात लिही, पैसे मिळाल्याचं पत्र घे आणि मूळ चेक परत माग. एवढ्यासाठी वकील करायलाच हवा असं नाही.

पण त्याने दोन गोष्टी पाठवल्या. एक यूपीआयचा स्क्रीनशॉट होता, १० फेब्रुवारीचा, व्यापाऱ्याला ६०,००० रुपये दिल्याचा. आणि दुसरा, व्यापाऱ्याला पाठवायला म्हणून टाइप करून ठेवलेला मेसेज: 'शेठ, नोटीस कशाला पाठवली. तीस तारखेपर्यंत सगळे पैसे देतो.'

मेसेज आधी पाहू, कारण तो लगेच थांबवायचा होता. वाचायला किती साधा आणि किती भला! घरातल्या भांडणात असा निरोप शहाणपणाचा ठरला असता. इथे त्याने एका ओळीत तीन नुकसानं केली असती. नोटीस मिळाल्याचं कबूल केलं. 'सगळे पैसे' म्हणून पूर्ण २,४०,००० देणं असल्याचं कबूल केलं, म्हणजे साठ हजार दिल्याचा मुद्दा स्वतःच्याच हाताने पुसला. आणि तीस तारीख मागितली, जी बावीसच्या पुढची आहे; व्यापाऱ्याने 'बरं' म्हटलं तरी नोटिशीची मुदत त्याने वाढत नाही. नोटीस आल्यावर समोरच्या वकिलाला फोन करून बाजू समजावणारेही असेच फसतात. तो वकील तुमचा नाही. तुम्ही बोललेलं तो आपल्या अशिलाच्या कामी लावणार, आणि ते त्याचं कामच आहे.

मेसेज पाठवू नकोस, पुसूही नकोस, तसाच राहू दे, असं मी सांगितलं.

आता साठ हजारांचा मुद्दा. वरवर पाहिलं तर हा मोठा बचाव दिसतो. चेक जानेवारीत दिला, फेब्रुवारीत त्यातले साठ हजार चुकते केले, तरी व्यापाऱ्याने मार्चमध्ये पूर्ण रकमेचा चेक भरला. चेक लिहून दिल्यानंतर आणि तो बँकेत भरण्याआधी काही रक्कम फेडली असेल, तर चेकवर तशी नोंद करून उरलेल्या रकमेपुरताच तो वापरायला हवा, नाहीतर भरण्याच्या दिवशी चेकची रक्कम म्हणजे खरं देणं राहत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दशरथभाई पटेल यांच्या प्रकरणात दिला आहे. हे वाचून कोणालाही वाटेल, सुटला.

पण व्यापाऱ्याकडे त्याचं चालू खातं होतं. ऑक्टोबरचं एक बिलही बाकी होतं. यूपीआयच्या शेऱ्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. भारतीय करार अधिनियमात यासाठी कलम ५९ ते ६१ आहेत. पैसे देणाऱ्याने हे कुठल्या देण्यापोटी आहेत ते सांगितलं असेल तर त्याचं ऐकायचं. सांगितलं नसेल आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर घेणाऱ्याला ते कुठल्याही जुन्या देण्यात वळवता येतात. व्यापाऱ्याने ते ऑक्टोबरच्या बिलात जमा केले असतील तर चेकचे २,४०,००० जसेच्या तसे उभे राहतात. मग पटेल यांच्या निर्णयाचा उपयोग काय? तो खातेवही, बिलं आणि मधलं बोलणं बघून ठरेल, आणि ते बघून ठरवणं हे वकिलाचं काम. मी माझ्या अंदाजावर त्याला 'पैसे देऊ नकोस, तुझी बाजू भक्कम आहे' असं सांगितलं असतं आणि तो बावीस तारीख सोडून बसला असता, तर त्याची किंमत मी नव्हे, त्याने मोजली असती.

तिथे मी थांबलो. उद्याच्या उद्या वकील गाठ म्हणून सांगितलं.

'वकिलाला दाखव' हे वाक्य कुठल्याही नोटिशीखाली चिकटवता येतं, आणि म्हणूनच लोक ते ऐकत नाहीत. कशासाठी, कधीपर्यंत आणि काय घेऊन, हे सांगितलं तरच माणूस उठून जातो. चेकच्या नोटिशीत माझ्या अनुभवात काही परिस्थिती अशा आहेत जिथे मी एक पाऊलही पुढे जात नाही. देणंच मान्य नसेल, किंवा काही रक्कम आधी दिली असेल. चेक कोरा, नुसता सही करून तारण म्हणून दिला असेल. लोकांना वाटतं, कोऱ्या चेकवर दुसऱ्याने रक्कम भरली म्हणजे तो रद्दी. पण सही तुमची असेल तर तो देण्यापोटीच दिला असं कायदा गृहीत धरतो आणि तसं नाही हे दाखवायचं ओझं तुमच्यावर येतं. चेक भागीदारीचा किंवा कंपनीचा असेल आणि नोटीस सगळ्या भागीदारांना, अगदी सोडून गेलेल्यांनाही आली असेल, तर प्रत्येकाची जबाबदारी वेगळी. नवरा-बायकोच्या जॉइंट खात्याच्या चेकवर एकाचीच सही असेल, तर सही न करणाऱ्याला या गुन्ह्यात ओढता येत नाही, पण तेही वकिलाने योग्य वेळी मांडावं लागतं. आणि समन्स आलं असेल तर मग विचार करत बसायचंच नाही. तारखेला गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं, आणि सुरुवातीला ज्याची भीती वाटत होती ते पोलीस तेव्हा खरोखरच येतात.

समन्सच्या बाबतीत एक सवलत लोकांच्या कानावर अर्धवट पडलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं आहे की, नोटीस मिळालीच नाही असं म्हणणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत चेकची रक्कम कोर्टात भरली, तर तो तक्रार फेटाळण्याची विनंती करू शकतो. ती नोटीस खरोखर न मिळालेल्यासाठी आहे. घरात सही करून घेतलेली नोटीस दिवाणाच्या खणात असताना तिचा आधार घेता येत नाही.

फीचं काय, हा पुढचा प्रश्न. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येतं. फक्त अर्ज, मंजुरी, नेमणूक यात दिवस जातात. पंधरापैकी नऊ दिवस गेल्यावर त्या रांगेत उभं राहायचं असेल तर अर्जावर शेवटची तारीख ठळक लिहावी आणि समितीच्या कारकुनाला तोंडानेही सांगावी. आम्हा कारकुनांना तारीख दिसली की हात जरा लवकर चालतो.

त्याच्याकडे वकिलाच्या फीपुरते पैसे होते. काय घेऊन जायचं ते मी लिहून दिलं: नोटीस आणि पाकीट, पोस्टाच्या साइटवरचं पान छापून, जानेवारीपासून आजवरचं बँक स्टेटमेंट, व्यापाऱ्याची सगळी बिलं, चेकबुकाचा अर्धा तुकडा आणि व्यापाऱ्याशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप. स्क्रीनशॉट नव्हे, फोनच. कागदाच्या वर पेन्सिलने मोठं लिहिलं, '२२ एप्रिल'. वकिलाच्या टेबलावर पंचवीस फायली असतात, त्याच्या नजरेला पहिली ती तारीख पडावी.

१७ तारखेला तो गेला. वकिलांनी खातं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, साठ हजार दिल्यावर शेठ काही बोलले होते का? फोन चाळला तर फेब्रुवारीतला व्यापाऱ्याचा एक मेसेज सापडला: 'मागचं बिल क्लिअर झालं, थँक्स.' मागचं, म्हणजे ऑक्टोबरचं. साठ हजार तिकडे गेले होते आणि त्याने तेव्हा हरकत घेतली नव्हती. चेकपोटी पूर्ण २,४०,००० उभे होते.

वकिलांनी त्याच्यासमोर दोन वाटा ठेवल्या. लढायचं तर लढता येईल, पण फिर्यादीनंतर कोर्ट चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं आणि खटला किती वर्षं चालेल ते सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोंदवलं आहे की २०१९ च्या अखेरीस देशात पडून असलेल्या सुमारे दोन कोटी एकतीस लाख फौजदारी खटल्यांपैकी पस्तीस लाखांवर चेकचे होते. दुसरी वाट, मुदतीत चेकची रक्कम भरून फौजदारी बाजू बंद करायची आणि व्याज, खर्च, मानसिक त्रास हे अमान्य असल्याचं उत्तर धाडायचं.

त्याने बायकोचे दागिने तारण ठेवले. २१ एप्रिलला दुपारी २,४०,००० आरटीजीएसने गेले. त्याच दिवशी वकिलांचं उत्तर स्पीड पोस्टाने निघालं, पैसे भरल्याच्या पावतीसह. मूळ चेक परत करा, ही मागणी उत्तराच्या शेवटच्या परिच्छेदात होती. तो चेक मे महिन्यात आला. व्याजाबद्दल व्यापारी अजून कुरकुरतो, पण माल उधारीवर द्यायला त्याने पुन्हा सुरुवात केली आहे, फक्त आता पुढच्या तारखेचा चेक मागतो तेव्हा हा त्याच्या पाठीमागे कुठल्या बिलापोटी दिला ते लिहायला लावतो.